‘रिस्पेक्ट’: शब्द तेच नाहीत

> गायक पुरुषाऐवजी बाई झाली एवढंच. शब्द तर तेच आहेत ना?

नाहीत, आणि गंमत तिथेच आहे. अमेरिकन गायक ओटिस रेडिंगच्या ‘रिस्पेक्ट’ या १९६५ च्या मूळ गाण्यात नवरा म्हणतो, मी बाहेर असताना तू मला फसवलंस तरी चालेल, पण घरी आलो की थोडा मान दे. म्हणजे तो घासाघीस करतोय, तीही बरीच पडती बाजू घेऊन.

गायिका अरेथा फ्रँकलिननं १९६७ मध्ये हे गाणं गाताना हीच ओळ उलटवली: तू नसताना मी तुला फसवणार नाही, कारण मला तसं करायचंच नाही. तिनं सवलत काढूनच टाकली. आता ती मान मागते तो हक्कानं.

पैशाची ओळ मात्र जवळपास तशीच ठेवली आहे. सगळे पैसे मी तुला देणार आहे, हे तो म्हणतो तेव्हा कमावत्या पुरुषाचं नेहमीचं बोलणं वाटतं. तेच ती म्हणते तेव्हा कमावती तीच ठरते! मला तर न बदललेली ही ओळच जास्त बदललेली वाटते.

आणि अरेथा गाते ते आर-ई-एस-पी-ई-सी-टी? मूळ गाण्यात नाहीच. समोरच्याला शब्द कळत नसावा म्हणून अक्षर-अक्षर सुटं करून सांगितल्यासारखं.