व्हीआयएक्स वाढला म्हणजे बाजार पडणारच का?

> इंडिया व्हीआयएक्स वीसच्या वर गेलाय. आता निफ्टी पडणार असंच समजायचं ना?

नाही. हा आकडा दिशा सांगत नाही, फक्त हेलकावा किती मोठा असेल याचा अंदाज देतो.

एनएसई तो निफ्टीच्या ऑप्शनच्या, म्हणजे ठरलेल्या भावाला पुढे खरेदी किंवा विक्री करण्याच्या हक्काच्या, भावांवरून काढतं. सध्याच्या निफ्टीपेक्षा वरच्या स्ट्राइकचे, म्हणजे ठरलेल्या भावाचे, खरेदीचे कॉल आणि खालच्या स्ट्राइकचे विक्रीचे पुट, दोन्ही हिशेबात येतात. लोक घाबरले की विम्यासारखे पुट घेतात, प्रीमियम, म्हणजे ऑप्शनचा भाव, चढतो आणि आकडाही चढतो. त्यातून पुढच्या ३० दिवसांची अपेक्षित हालचाल निघते, पण ती वार्षिक टक्क्यात मांडतात. महिन्याची हवी असेल तर १२ च्या वर्गमूळाने, म्हणजे ३.४६ ने भागा. २० ला भागलं की ५.८ टक्के. निफ्टी २२,००० असेल तर साधारण १,२७० अंक, वर किंवा खाली. तेही तीनातल्या दोन वेळांपुरतंच. त्याबाहेर जाणं अशक्य नाही.

२०२४ ची लोकसभा आठवा. एप्रिलच्या चौथ्या आठवड्यात दहा-अकराच्या आसपास असलेला व्हीआयएक्स मे महिन्यात वीसच्या पार गेला, आणि त्याच महिन्यात निफ्टीने २३,००० ला हात लावला! ४ जूनला निकालाच्या दिवशी निफ्टी जवळपास सहा टक्के आपटला. दुसऱ्या दिवशी अनिश्चितता सरली, व्हीआयएक्सही कोसळला. निकालाच्या दिवशी महागडा ऑप्शन घेतलेल्यांचा प्रीमियम तिथेच वितळला, काहींचा तर दिशा बरोबर ओळखूनही.