कॉलेजचा ईमेल जाणार. जुनं अकाउंट ठेवायचं की नवं काढायचं?

रंकाळाकाठी: माझं स्पॉटिफाय कॉलेजच्या ईमेलवर आहे, गूगलच्या बटणानं उघडलेलं. कॉलेज जूनअखेर तो ईमेल बंद करणार. नाव आणि फोटोही बदलायचाय, फोटो फर्स्ट इयरचा आहे. १४ प्लेलिस्ट आणि दोनेक हजार लाइक केलेली गाणी जातील का?

पेठेतला: एवढा घोळ कशाला भावा? नवं अकाउंट काढ, जुन्या प्लेलिस्टच्या लिंक स्वतःलाच पाठव, सेव्ह कर. पाच मिनिटांचं काम.

कॅसेटवाला: पाच मिनिटांत होतं, पण अर्धंच. सेव्ह केलेल्या प्लेलिस्टचा मालक जुनं अकाउंटच राहतं. तिच्यात गाणं घालता येत नाही, आणि जुनं बंद केलंस की ती गेली. लाइक केलेल्या गाण्यांची तर अशी लिंकच नसते.

गाणी ईमेलला बांधलेली नसतात. आत एक युजरनेम असतं, ते बदलत नाही, गाणी त्याच्याकडे. त्यामुळं ईमेल, नाव, फोटो खुशाल बदल. नाव-फोटो ॲपमध्ये प्रोफाइल उघडून एडिट केलं की झालं, जुन्या प्लेलिस्टवरही नवंच नाव दिसतं.

खरी अडचण ईमेलची. गूगलनं उघडलंयस म्हणजे पासवर्ड बहुतेक नसणार. आधी ‘पासवर्ड विसरलो’ करून घे. ती लिंक कॉलेजच्या इनबॉक्समध्ये येणार, म्हणून जूनच्या आत कर. मग ब्राउझरमध्ये अकाउंट पेजवर Edit profile, नवा ईमेल, सेव्ह.

आणि त्याआधी नव्या जीमेलनं गूगलचं बटण दाबून बघू नकोस! त्यानं दुसरंच, रिकामं अकाउंट उघडतं, आणि तो जीमेल तिथं अडकून बसतो. मग जुन्या अकाउंटला तो लावायला गेलास की आधीच वापरात आहे म्हणून नाकारतं. माझ्या भाच्यानं हेच केलं, आणि ‘मामा, गाणी उडाली’ म्हणून रात्री ११ ला फोन. दोन्हीकडचं युजरनेम ताडून बघितलं तर वेगळं निघालं. रिकाम्या अकाउंटला तिसराच ईमेल लावला, जीमेल मोकळा झाला.

पन्हाळा_बुलेट: काय सांगताय, माझी गाणी गेलीच होती! दुसरं ॲप होतं, काढून परत टाकलं, पन्हाळ्याच्या घाटात रेंज नाही आणि एक गाणं वाजेना.

कॅसेटवाला: ती फोनमध्ये उतरवलेली गाणी, भाऊ. यादी राहिली असेल, परत डाउनलोड करायची. इथला प्रश्न वेगळा आहे.

पेठेतला: बरं, मालकीचं मान्य. पण कॉम्प्युटरवर लाइक केलेल्यांत Ctrl+A मारून सगळी नव्या प्लेलिस्टमध्ये ओढता येतात, ती लिंक पाठवता येते की. माझ्या अकाउंटवर पुतण्यानं दोन वर्षं कार्टूनची गाणी लावली, आता मलाही तीच सुचवतंय. असलं ओझं नव्या ईमेलवर कशाला न्यायचं?

रंकाळाकाठी: मला माझी आवड तशीच पाहिजे. पासवर्डची लिंक आली, कॉलेजच्या स्पॅममध्ये पडली होती.