मदत हवी आहे: पेरिकार्डायटिसची वेदना थांबली, पण रुग्ण बिघडली; तपासताना माझ्या नजरेतून नेमके काय सुटले?

माळरान (धागाकर्ता)

मी एका ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे. आमच्याकडे ईसीजी आहे, मात्र इकोसाठी रुग्णाला सुमारे ४५ किलोमीटर दूर पाठवावे लागते. एका रुग्णाविषयी अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

४१ वर्षांची शेतमजूर बाई छातीत टोचणाऱ्या दुखण्यासाठी आली. आडवे पडले की आणि खोल श्वास घेतला की दुखणे वाढत असे, पुढे वाकून बसले की कमी होई. तीन आठवड्यांपासून संध्याकाळी बारीक ताप येत होता. छातीच्या हाडाच्या डाव्या कडेला, खालच्या बाजूस, कोरडे चामडे घासावे तसा रब स्पष्ट ऐकू आला. ईसीजीत जवळपास सर्व लीडमध्ये एसटी वर उचललेले होते आणि पीआर खाली गेलेले होते. नाडी ९२ आणि रक्तदाब १२६/७६ होता. पेरिकार्डायटिसचे निदान करून मी आयब्युप्रोफेन आणि कोल्चिसिन सुरू केले व इको करून येण्यास सांगितले, परंतु मजुरी बुडेल म्हणून ती गेली नाही.

नवव्या दिवशी ती परत आली तेव्हा वेदना जवळजवळ नव्हती आणि रबही ऐकू येत नव्हता, म्हणून मला समाधान वाटले. तिची तक्रार आता वेगळी होती: चार पावले चालले की धाप लागते आणि दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखे वाटते. नाडी ११६, रक्तदाब १०८/८४, पायांवर थोडी सूज, फुप्फुसे मात्र दोन्ही बाजूंनी स्वच्छ. हृदयाचा पंप कमी पडत असावा असे समजून मी फ्युरोसेमाइड ४० मिलिग्रॅम शिरेतून दिले. तासाभरात वरचा दाब ८८ वर आला आणि हात गार पडले. दाब पुन्हा मोजताना आमच्या सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर, आवाज मध्येच येतो आणि मध्येच जातो." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सलाइन लावून १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने तिला पाठवले. तिथे इकोत टॅम्पोनेड दिसले आणि सुईने ७०० मिली लालसर पाणी काढल्यावर तिचा दाब लगेच सावरला.

प्रश्न असा की, त्या नवव्या दिवशी इको नसतानाही मला हे ओळखता आले असते का?

पाऊलवाट

मी एमडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्या मते आपली चूक नाही, कारण बेकचे त्रिकूट पूर्ण झाल्याशिवाय टॅम्पोनेड म्हणता येत नाही. मानेच्या शिरा फुगलेल्या, हृदयाचे आवाज दबलेले आणि दाब कमी, अशी तिन्ही लक्षणे लागतात. दाब १०८ असताना ते टॅम्पोनेड नव्हतेच. ते नंतर झाले. मात्र रब नाहीसा झाला तेव्हाच पाणी भरले असे धरायला हवे होते, कारण पाण्यामुळे दोन पदर एकमेकांपासून दूर जातात.

निळीशाई

पाऊलवाट, तुमच्या उत्तराचा अर्धा भाग मला पटत नाही. मी गेली बावीस वर्षे हृदयरोग विभागात काम करतो आहे. क्लॉड बेक हे शल्यचिकित्सक होते आणि १९३५ साली त्यांनी वर्णिलेले ते त्रिकूट अचानक दाबल्या गेलेल्या हृदयाला चपखल बसते. क्षयासारख्या कारणाने पाणी सावकाश साठते तेव्हा शरीर नाडी वाढवून आणि रक्तवाहिन्या आवळून वरचा दाब बराच काळ टिकवून धरते. तो कोसळेपर्यंत थांबणे म्हणजे उशीर करणे होय. रबचेही तसेच आहे. तो सूज उतरल्यामुळे जातो किंवा पाण्यामुळे जातो, आणि पुष्कळ पाणी असूनही कधी कधी टिकतो. म्हणून रब गेला यावरून ना दिलासा मिळतो, ना निदान होते.

माळरान, आपण दिलेल्या आकड्यांतच उत्तर होते. पहिल्या दिवशी वरच्या आणि खालच्या दाबातले अंतर ५० होते, नवव्या दिवशी ते २४ उरले. वेदना कमी झाली असताना नाडी मात्र ९२ वरून ११६ वर गेली. पायाला सूज, धाप आणि तरीही स्वच्छ फुप्फुसे, हे चित्र दिसले की रक्त हृदयात शिरतानाच अडते आहे का, असा प्रश्न विचारावा. त्यानंतर मानेकडे पाहावे, आणि तेही रुग्णाला ताठ बसवून. दाब फार वाढलेला असेल तर ४५ अंशांवर शिरेतील रक्ताची वरची पातळी जबड्याआड जाते आणि मान सामान्य वाटते.

सिस्टरांना जे जाणवले तेच शांतपणे मोजायचे असते. पट्टा वरच्या दाबाच्याही वर फुगवून हवा अगदी हळू सोडावी आणि रुग्णाला नेहमीसारखा श्वास घेऊ द्यावा. आधी ठोके फक्त श्वास सोडताना ऐकू येतात. तो आकडा लिहून ठेवावा. मग ठोके श्वास घेतानाही सलग ऐकू येऊ लागतात. तो दुसरा आकडा. समजा, पहिला १०८ आणि दुसरा ९०, तर फरक १८. हा फरक १० पेक्षा जास्त असेल आणि बाकीचे चित्र जुळत असेल, तर वाट पाहू नये. श्वास घेताना उजव्या बाजूला जास्त रक्त येते, पण बाहेरची पिशवी ताणत नाही, म्हणून मधला पडदा डावीकडे सरकतो आणि डाव्या कप्प्यात रक्त कमी भरते. तो फरक याचाच. अर्थात तीव्र दम्यातही हे आढळते, आणि महारोहिणीची झडप गळत असेल तर टॅम्पोनेड असूनही आढळत नाही.

पाणी किती, यापेक्षा ते किती वेगाने साठले हे महत्त्वाचे असते. दुखापतीत दोनशे मिलीही जीव घेऊ शकते. हळूहळू साठले तर लिटरभर पाणी घेऊन माणूस चालत येतो. आणि फ्युरोसेमाइडने नेमके तेच कमी केले ज्याच्या आधारावर तिचे हृदय भरत होते. सलाइन लावणे योग्य होते, पण त्याने फक्त प्रवासापुरता वेळ मिळतो.

तुळशीवृंदावन

मी डॉक्टर नाही. माझ्या वडिलांना हृदयाचा पंप कमजोर असल्यामुळे गेली चार वर्षे लघवी होण्याची गोळी चालू आहे आणि त्यांच्याही पायांवर सूज असते. वरचे वाचून भीती वाटली. ती गोळी आजच बंद करावी का?

निळीशाई

ताई, कृपया बंद करू नका. आपल्या वडिलांच्या आजारात पंपच कमजोर असतो आणि फुप्फुसांत पाणी साचू नये यासाठी ती गोळी लागते. या धाग्यातील बाईंचे हृदय बाहेरून दाबले गेले होते. काही शंका असल्यास त्यांच्याच डॉक्टरांना विचारा.

पाऊलवाट

त्रिकुटाबाबत माझा गैरसमज होता, हे मान्य करतो. तरीही एक मुद्दा उरतो. पेरिकार्डायटिसच्या प्रत्येक रुग्णाचा सुरुवातीलाच इको व्हावा असे मार्गदर्शक सूत्रे सांगतात. तो झाला असता तर हा प्रसंग आला नसता.

माळरान

पहिल्या दिवशी पाणी होतेच का, हे आता कळणार नाही, त्यामुळे त्या इकोने नक्की काय बदलले असते हे मी सांगू शकत नाही. तीन आठवड्यांचा ताप हा साध्या विषाणूचा नसावा, हे मात्र मी तेव्हाच ओळखायला हवे होते आणि तिला नऊ दिवस नव्हे, तर तीन दिवसांनी बोलवायला हवे होते. काल नव्वदीच्या पुढे वय असलेल्या एका आजोबांवर श्वासागणिक दाब मोजण्याचा सराव केला. त्यांची नाडी अनियमित असल्यामुळे मला आकडा पकडता आला नाही.

बाईंची नाडी आज ८४ आहे. काढलेल्या पाण्याच्या जीन एक्सपर्ट तपासणीत क्षयाचे जंतू सापडले नाहीत, एडीएचा अहवाल यायचा आहे. निळीशाई सर, जीन एक्सपर्ट नकारात्मक असताना आपण अहवालाची वाट पाहता, की ताप आणि लालसर पाणी एवढ्यावर क्षयाचे उपचार सुरू करता?

निळीशाई

या पाण्यात जंतू थोडे असतात, म्हणून नकारात्मक अहवालाने क्षय वगळला जात नाही. मी एडीएसाठी दोन-तीन दिवस थांबेन, पण तेवढ्यात पाणी पुन्हा साठू लागले तर थांबणार नाही. स्टिरॉइड द्यावे की नाही यावर आमच्या विभागातच दोन मते आहेत. लालसर पाण्यात कर्करोगाच्या पेशी आहेत का, हे तपासायला पाठवले आहे ना?