मदत हवी आहे: ओव्हरहँगिंग बीमच्या टोकाचं डिफ्लेक्शन, सुपरपोझिशनने वेगळं येतंय आणि मॅकॉलेने वेगळं

प्राजक्ता_स्थापत्य

नमस्कार. एक गणित अडलंय. बीम A पासून C पर्यंत आहे. A ला पिन, B ला रोलर, AB चा गाळा ४ मी. B च्या पुढे C पर्यंत १.५ मी भाग बाहेर निघालेला आहे. AB वर १२ किलोन्यूटन प्रति मीटरचा यूडीएल आहे, BC वर तो नाही. C ला १० किलोन्यूटनचा पॉइंट लोड खाली. EI सगळीकडे सारखा, ८००० kN·m².

मॅकॉलेने केलं तर C चं टोक ०.८४ मिमी वर जातं. सुपरपोझिशनने करताना मी BC हा कॅन्टिलीव्हर धरला आणि Pa³/3EI वापरलं, तर १.४१ मिमी खाली येतं. AB वरच्या यूडीएलचा BC वर काही भारच नाही, म्हणून तो सोडून दिला.

टोकावर १० किलोन्यूटन खाली ओढत असताना टोक वर कसं जाईल, हे मनाला पटत नाहीये. मॅकॉलेत चिन्ह चुकलंय का? दोन्ही रीतींनी एकच उत्तर यायला हवं ना?

अभि_तिसरे_वर्ष

चिन्ह चुकलं नसणार, टोक वर जाऊ शकतं. तू B ला फिक्स्ड धरलंस तिथे घोळ आहे. B हा रोलर, म्हणजे तिथे बीम वळतो. त्या वळण्यामुळे C किती हलतं ते वेगळं काढून मिळवायचं.

टोकाच्या लोडमुळे B ला मोमेंट 10 × 1.5 = 15. त्या मोमेंटने येणारा स्लोप ML/6EI, म्हणजे ०.००१२५. गुणिले १.५, म्हणजे १.८८ मिमी खाली. यूडीएलमुळे B ला स्लोप wL³/24EI = ०.००४, गुणिले १.५, म्हणजे ६ मिमी वर. सगळं मिळून 1.41 + 1.88 − 6.00, म्हणजे २.७२ मिमी वर.

तुझ्या मॅकॉलेशी हे जुळत नाही, पण दिशा तरी तीच आली. मॅकॉलेत यूडीएल B पाशी संपतो तिथे उलटा यूडीएल लावलास का? बहुतेकांचं तिथेच अडतं.

प्राजक्ता_स्थापत्य

हो, B पासून पुढे वरच्या दिशेने १२ चा यूडीएल लावलाय. C1 उणे २२ आला. RA २०.२५ आणि RB ३७.७५. बेरीज ५८, भारही 48 + 10, म्हणजे तेवढं तरी बरोबर आहे.

जुना_स्ट्रक्चरवाला

प्राजक्ता, तुमचं मॅकॉले पूर्ण बरोबर आहे, त्याला हात लावू नका. अभि, तुमची रीत बरोबर आहे, फक्त एक आकडा चुकीच्या टोकाचा उचललात.

सिम्पली सपोर्टेड बीमच्या एका टोकाला मोमेंट M लावला की त्याच टोकाला स्लोप ML/3EI येतो आणि पलीकडच्या टोकाला ML/6EI. तक्त्यात दोन्ही शेजारी छापलेले असतात. आपला मोमेंट B वर आहे आणि स्लोपही B चाच हवा आहे, म्हणून 3EI. जिथे मोमेंट लावला तिथे बीम जास्त वळणार, एवढं लक्षात ठेवलं तरी तक्त्यातला चुकीचा आकडा उचलला जात नाही.

आता क्रमाने करू. बीम B पाशी मनात कापा. BC ला कॅन्टिलीव्हर धरा, पण त्याची मुळाची बाजू पक्क्या भिंतीत नाही, ती AB च्या टोकाला जोडलेली आहे. AB चं टोक जेवढं वळेल तेवढा अख्खा BC सरळ पट्टीसारखा वळतो, आणि त्याशिवाय BC स्वतः वाकतो तो वेगळा. म्हणून C च्या हालचालीत तीन वाटे आहेत:

```
BC स्वतः वाकतो       Pa³/3EI     = 33.75/24000   = 1.41 mm खाली
P मुळे B वळतो        (Pa·L/3EI)a = 0.0025 × 1.5  = 3.75 mm खाली
AB वरच्या w मुळे      (wL³/24EI)a = 0.0040 × 1.5  = 6.00 mm वर
C                                                 = 0.84 mm वर
```

मॅकॉलेशी तंतोतंत जुळलं. आणखी एक पडताळा तुमच्याच कागदावर आहे. मॅकॉलेच्या स्लोपच्या समीकरणात x = 4 घाला, EIθ = 12 येईल. ८००० ने भागलं की ०.००१५, आणि इथे 0.0040 − 0.0025 सुद्धा ०.००१५. डिफ्लेक्शन जुळायच्या आधी B चा स्लोप जुळतो का ते बघत जा, कारण चूक नव्वद टक्के वेळा तिथेच सापडते.

आता «टोक वर कसं जाईल» हा तुमचा खरा प्रश्न. यूडीएलचा BC वर भार नाही हे खरंच आहे, पण AB मधोमध खाली झुकतो तेव्हा B ला त्याचं टोक वरच्या दिशेने वळतं, आणि BC त्याच टोकाला जोडलेला आहे. BC त्या वेळी अजिबात वाकत नाही, सरळच राहतो, फक्त तिरका होतो. म्हणून तिथे a ची घात एकच आहे, स्लोप गुणिले a. भार नाही म्हणजे हालचाल नाही, असं ओव्हरहँगमध्ये धरता येत नाही.

वरच्या दुसऱ्या ओळीकडेही जरा बघा. फक्त टोकाच्या लोडपुरतं पाहिलं तर B च्या वळण्याचा वाटा हा कॅन्टिलीव्हरच्या वाट्याच्या L/a पट असतो. इथे ४ भागिले १.५, म्हणजे २.६७ पट. नुसतं Pa³/3EI धरलं की मोठा वाटा हातातून जातो, आणि मागचा गाळा जितका लांब तितका जास्त जातो. दोन्ही वाटे एकत्र केले की Pa²(L + a)/3EI मिळतं. त्यात L शून्याकडे नेला की परत Pa³/3EI येतं, कारण दोन आधार अगदी जवळ आले की ते फिक्स्ड टोकासारखे वागतात. सूत्र बरोबर लिहिलं गेलंय का, हे यावरूनही कळतं.

प्राजक्ता_स्थापत्य

सर, खूप खूप आभार. ML/3EI आणि ML/6EI मधला फरक आता नीट बसला. मग P किती असला तर टोक जागच्या जागी राहील? मी दोन्ही बाजू समान ठेवल्या आणि P = wL³ / 8a(L + a), म्हणजे ११.६४ किलोन्यूटन आला. म्हणजे आमच्या गणितात १० दिला म्हणून टोक थोडं वर राहतं, १२ दिला असता तर खाली गेलं असतं?

जुना_स्ट्रक्चरवाला

अगदी बरोबर. आणि म्हणूनच प्रत्यक्ष डिझाइनमध्ये ही ०.८४ ची बेरीज घेऊन थांबायचं नाही. AB वरचा भार जर ये-जा करणारा असेल तर तो नसतानाची अवस्था वेगळी तपासायची. तेव्हा टोक 1.41 + 3.75, म्हणजे ५.१६ मिमी खाली जातं, आणि तीच आपल्यासाठी वाईट अवस्था. तीन वाटे वेगळे काढण्याचा हा मोठा फायदा आहे. मॅकॉलेत भार बदलला की सगळं नव्याने मांडावं लागतं, इथे एक ओळ झाकली की झालं.

लेथवाला

मध्येच घुसतो, पण माझं हेच चालू आहे असं वाटतंय. शाफ्ट आहे, दोन बेअरिंगांमध्ये ४०० मिमी, पुढे १२० मिमी बाहेर आणि टोकाला पुली. बेअरिंगांमध्ये व्यास ४०, बाहेरच्या भागात ३०, पायरी बेअरिंगलाच आहे. पट्ट्याची ओढ २ किलोन्यूटन. Pa²(L + a)/3EI मध्ये व्यास ४० धरून ०.२० मिमी येतं. तेवढ्याच ओढीवर डायल गेज ०.३६ दाखवतोय. स्टीलचा E कमी धरायचा का?

जुना_स्ट्रक्चरवाला

E ला दोष देऊ नका, स्टीलचा E एवढा इकडे-तिकडे होत नाही. ते एकत्र केलेलं सूत्र सगळीकडे I सारखा असेल तरच चालतं. तुमच्याकडे दोन I आहेत, म्हणून परत दोन वाटे करा. पुढचा भाग स्वतः वाकतो तिथे ३० चा I, बेअरिंगपाशी शाफ्ट वळतो तिथे ४० चा I. E दोन लाख N/mm² धरून:

```
Pa³/3E·I30      = 0.145 mm
(Pa·L/3E·I40)a  = 0.153 mm
बेरीज           ≈ 0.30 mm
```

उरलेले ०.०६ हे बेअरिंगांचं हलणं असू शकतं. पुढचं बेअरिंग पुलीच्या ओढीच्या दिशेने सरकतं आणि मागचं उलट दिशेने, कारण मागची रिअॅक्शन उलटी आहे. टोकाला ते पुढच्याचं (L + a)/L पट आणि मागच्याचं a/L पट दिसतं, म्हणजे १.३ आणि ०.३. दोन्हीकडे ०.०४ इतकं हललं तरी ०.०६ भरून निघतं. पण हे नुसतं हिशोबाने सिद्ध होत नाही. डायल बेअरिंगलगत शाफ्टवर लावून बघा, मगच खात्री.

लेथवाला

दोन्ही बेअरिंगांपाशी लावून बघतो आणि आकडे इथेच टाकतो.

अभि_तिसरे_वर्ष

सर, माझी एक शंका. प्राजक्ताच्या गणितात A ला पिन आहे. पण खऱ्या इमारतीत A हा कॉलममध्ये ओतलेला असतो. तेव्हा A फिक्स्ड धरलं तर वाटे बदलतील ना? मी करून पाहिलं. B चा स्लोप मोमेंटमुळे ML/4EI, यूडीएलमुळे wL³/48EI.

```
1.41 + 2.81 − 3.00 = 1.22 mm खाली
```

म्हणजे टोकाची दिशाच उलटली. मग खरं काय मानायचं?

जुना_स्ट्रक्चरवाला

सूत्रं बरोबर आहेत, आकडाही बरोबर. A फिक्स्ड केल्यावर मोमेंटचा वाटा पाऊणपट झाला आणि यूडीएलचा निम्मा, म्हणून तोल फिरला. खरा कॉलम स्वतःही थोडा वळतो, त्यामुळे उत्तर या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतं. नक्की कुठे, ते कॉलमचा ताठरपणा हिशोबात घेतल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि तुम्ही कॉलमची मापं दिलेली नाहीत. ती दिलीत तर मोमेंट डिस्ट्रिब्यूशनने A चा मोमेंट काढू आणि मग हेच वाटे परत मांडू.

प्राजक्ता_स्थापत्य

आमच्या गणितात पिनच दिलाय, म्हणून मी ०.८४ वर लिहून दिलं. पण अभिच्या प्रश्नाचं उत्तर मलाही हवंय. अभि, कॉलमची उंची आणि आकार टाक ना.