मदत हवी आहे: ओव्हरटाइम दुप्पट दराने मागायचा आहे, पण पत्रावर पहिली सही कुणाची?

प्रेसशॉप_अंबड:
नमस्कार मंडळी. अंबड एमआयडीसीत प्रेस शॉपला कामाला आहे, कंपनीचं नाव लिहीत नाही. शॉपला साठेक माणसं. वीस-बावीस परमनंट, बाकी ठेकेदाराची.

आमची शिफ्ट सकाळी 8 ते दुपारी 4.30, मध्ये अर्धा तास जेवण. आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे 48 तास तिथेच भरतात. त्यावर महिन्यातले सोळा दिवस तरी रात्री 8 पर्यंत थांबवतात. साडेतीन तासांनी 56 तास होतात. माझा बेसिक आणि डीए मिळून 13,000. 26 दिवस आणि 8 तासांनी भागलं तर तासाला 62.50. ओव्हरटाइमला हाच एकेरी दर लावून 3,500 देतात, आणि स्लिपवर ओव्हरटाइम न लिहिता 'इन्सेंटिव्ह' लिहितात.

दिवाळीआधी एका सहकाऱ्याने एकट्याने एचआरला विचारलं. पुढच्या आठवड्यात त्याला रिवर्कच्या टेबलावर बसवलं आणि कायमची रात्रपाळी दिली. आता सगळे म्हणतात मिळून पत्र देऊ, पण पहिली सही करायला कुणी तयार नाही. माझ्याकडे बघतात. घरी दोन मुलं, सिडकोतल्या घराचा हप्ता चालू आहे. काय करावं?

निवृत्त_चिटणीस_सातपूर:
भाऊ, सातपूरच्या एका कारखान्यात बरीच वर्षं युनियनचा चिटणीस होतो, त्या अनुभवावरून सांगतो.

तुमचा हिशोब बरोबर आहे. दुप्पट म्हणजे तासाला 125, 56 तासांचे 7,000. दर महिन्याला माणशी 3,500 कमी पडतात. पत्रात एवढंच मागा. घरभाडं आणि इतर भत्ते दरात धरायचे की नाही यावर कंपनी वाद घालेल आणि मूळ मागणी त्यात अडकेल. बेसिक-डीएवर दुप्पट, यात वादाला जागा नाही.

'इन्सेंटिव्ह' का लिहितात तेही समजून घ्या. तिमाहीत किती तास ओव्हरटाइम घेता येतो याला मर्यादा असते. तुमचे तास मर्यादेच्या वर जात असणार, म्हणून ते रजिस्टरवर दाखवता येत नाहीत. मर्यादा ओलांडली हा मालकाचा दोष, त्याने तुमचा दुप्पट दर बुडत नाही. पण कागदावर तास नसले की सिद्ध तुम्हाला करावं लागतं. म्हणून आजपासून प्रत्येकाने आपल्या वहीत आत-बाहेरची वेळ लिहावी आणि स्वतःच्या स्लिपा जपाव्यात. फक्त स्वतःच्या. टाइम ऑफिसच्या रजिस्टरचे फोटो चोरून काढलेत तर त्यावरूनच चार्जशीट देतील.

आता सहीचं. सह्या टोकन नंबरच्या क्रमाने घ्या. मग पहिली सही ज्याचा नंबर लहान त्याची, पुढारी कोण हे क्रमावरून कळत नाही. प्रत्येक पानावर वर पूर्ण मागणी छापलेली हवी. कोऱ्या कागदावर सह्या घेऊन मागून पत्र जोडलं की "आम्हाला माहीतच नव्हतं" म्हणायला लोक मोकळे होतात, आणि कंपनी ते लिहूनही घेते. सगळ्यात महत्त्वाचं, सह्या एकाच दिवसात, गेटबाहेर पूर्ण करा. अर्धवट सह्यांचा कागद आठवडाभर शॉपमध्ये फिरला तर कागद कोण फिरवतंय हे सुपरवायझरला तिसऱ्या दिवशी कळतं. मी बघितलेल्या बहुतेक प्रकरणांत माणूस इथेच सापडला, पत्र दिल्यावर नाही.

सिन्नर_माळेगाव_07:
एवढी पत्रं कशाला? सोमवारी सगळ्यांनी एकदम सीएल टाका. लाइन बंद पडली की मालक स्वतः बोलवतो. आमच्याकडे एकदा झालं होतं.

निवृत्त_चिटणीस_सातपूर:
पूर्वी चालून गेलं असेल. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात. औद्योगिक संबंध संहितेत निम्म्या किंवा जास्त कामगारांनी एकाच दिवशी ठरवून सीएल घेतली तर तो संप धरतात, आणि संपाला 14 दिवसांची नोटीस लागते. पैशाच्या साध्या मागणीला बेकायदा संपाचं प्रकरण करून देऊ नका.

गंगापूररोड_आयटी:
एचआरच्या पोर्टलवर निनावी तक्रारीची सोय असेल ना? आम्ही वर्क फ्रॉम होमबद्दल तशी केली होती, कुणाचं नाव बाहेर आलं नाही.

प्रेसशॉप_अंबड:
पोर्टल वगैरे काही नाही हो. एचआर म्हणजे एक साहेब, आणि ते सुपरवायझरच्या शेजारी बसतात.

अॅड_पंचवटी:
निनावीचा एक खरा मार्ग आहे. कारखाना निरीक्षकाकडे गेलेल्या तक्रारीत तक्रारदार कोण हे त्याने गुप्त ठेवायचं असतं, आणि ही तपासणी तक्रारीवरून आहे हेही मालकाला सांगायचं नसतं. कारखाने अधिनियमात त्यासाठी कलम 118अ होतं. पण साठ माणसांच्या शॉपमध्ये आधी पत्र दिलं आणि पंधरा दिवसांनी निरीक्षक आला, तर कुणीही दोन्ही जोडून बघेल. हा मार्ग घ्यायचा असेल तर पत्राच्या आधी घ्या.

संहितांमुळे कलमांचे क्रमांक बदललेत, म्हणून पत्रात कलमं लिहायच्या फंदात पडू नका. तारखा, तास, मिळालेली रक्कम, हवी ती रक्कम. दुप्पट दर जुन्या कायद्यात होता, नव्या वेतन संहितेतही आहे.

विश्वास_पाथर्डीफाटा:
सात जणांनी युनियन रजिस्टर करा, मग कंपनी हातच लावू शकत नाही.

निवृत्त_चिटणीस_सातपूर:
विश्वासराव, अर्धं बरोबर. अर्ज सात जण करू शकतात, पण आस्थापनेतले 10 टक्के किंवा 100 कामगार, यातला कमी आकडा, एवढे सभासद लागतात. आणि अर्ज केल्याच्या दिवसापासून त्या सात जणांची नावं उघडी. हात लावू नये असा कायदा आहे, तरी लावतात, मग वर्षानुवर्षं भांडावं लागतं.

साठ जणांत नवी युनियन काढण्यापेक्षा नाशकात आधीपासून काम करणाऱ्या एखाद्या युनियनचं सभासद व्हा. मागणीपत्र त्यांच्या लेटरहेडवर, त्यांच्या चिटणिसाच्या सहीने जातं. तुमच्यापैकी कुणाचंच नाव त्यावर लागत नाही. पोच मात्र शिक्क्याची घ्या. टाइम ऑफिस शिक्का देत नसेल तर स्पीड पोस्ट, आणि प्रत कामगार उपायुक्तांना.

पत्रानंतर बदली, जुन्या कारणाची चार्जशीट, अचानक रात्रपाळी असं काही झालं तर त्याच दिवशी लिहून युनियनला द्या. राज्याच्या 1971 च्या कायद्यात अनुचित कामगार प्रथेची तक्रार 90 दिवसांत करायची असते. रिवर्कला बसवलेल्या तुमच्या मित्राला हे आजच सांगा, त्याचे दिवस चालू झालेत.

सुरेखा_अशोकनगर:
माझ्या मिस्टरांनी असंच पत्र सही केलं होतं. ते ठेकेदाराकडे होते. काढल्याचं पत्र नाही, काही नाही, फक्त गेटवर पास चालेना. ठेकेदार म्हणाला कंपनीने नाव कमी केलं, कंपनी म्हणाली ठेकेदाराला विचारा. परमनंट लोकांना काही झालं नाही. दादा, ठेकेदारीच्या पोरांची सही घेताना त्यांना हे आधी सांगा.

निवृत्त_चिटणीस_सातपूर:
ताई, बरोबर बोललात. ठेकेदाराने पैसे दिले नाहीत तर मूळ कंपनी देणं लागते, पैशाच्या बाजूने ते पक्कं आहे. नोकरीच्या बाजूने त्यांना तसा आधार मिळत नाही. मी असतो तर पहिल्या पत्रावर फक्त परमनंट ठेवले असते आणि मागणी शॉपमधल्या सगळ्यांसाठी केली असती.

अॅड_पंचवटी:
इथे माझं मत वेगळं आहे. फक्त वीस जणांनी मागितलं तर कंपनी वीस जणांना देऊन मोकळी होईल, आणि ओव्हरटाइम सगळा ठेकेदारीच्या मुलांवर ढकलेल. युनियनच्या लेटरहेडवर सगळ्यांचं एकच मागणीपत्र जाऊ द्या, सभासदांची यादी न जोडता.

प्रेसशॉप_अंबड:
सगळ्यांचे मनापासून आभार. मित्राला फोन केला, तो उद्याच युनियनच्या ऑफिसला जातोय. रविवारी पवननगरला एकाच्या घरी बसतोय, परमनंटपैकी सतरा जण नक्की. वह्या कालपासून सुरू केल्यात.

ठेकेदारीच्या पोरांचं अजून ठरत नाही. त्यातले तिघं स्वतःहून म्हणतात आम्हाला घ्या, सुरेखाताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला तरी म्हणतात घ्या. ठेकेदारीच्या लोकांसह मागणीपत्र दिलेलं कुणाला माहीत असेल, सातपूर, अंबड, गोंदे कुठलंही, तर पुढे त्या पोरांचं काय झालं ते रविवारच्या आत लिहा.