अनुभव धागा: अनोळखी माणसाने केलेली मदत, आणि लिहिताना कुठे थांबायचं

रात्रपाळी:
मागच्या पावसाळ्यात असाच धागा काढला होता. किस्से उत्तम आले, पण जवळजवळ प्रत्येकाची शेपटी एकच: माणुसकी अजून शिल्लक आहे, मुंबईला सलाम. चार-पाच किस्से वाचेपर्यंत रिक्षावाले, कंडक्टर, भाजीवाल्या सगळे एकाच चेहऱ्याचे दिसायला लागले. म्हणून या वेळी एक अट. त्या माणसाने काय केलं, तो काय बोलला, तेवढं लिहा आणि तो गेला की तुम्हीही थांबा. मुंबईतलेच अनुभव हवेत.

भांडुपकर:
२६ जुलै २००५. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. गाड्या बंद, म्हणून सायनहून एलबीएस रोडने चालत भांडुपला निघालो. कुर्ल्यात कमानीच्या अलीकडे पाणी छातीपर्यंत. अशा वेळी एक दाढीवाले चाचा देवासारखे धावून आले आणि माझा हात धरून त्यांनी मला पलीकडे नेलं. त्या रात्री ना कोणी हिंदू होतं ना मुसलमान, होती फक्त माणसं.

अट मोडली असेन, पण त्या दिवसाबद्दल दुसरं काही लिहिताच येत नाही.

लाल पेन:
मोडलीत! एका दिवाळी अंकासाठी वाचकांचं पान मी बरीच वर्षं बघते. या एका दिवसाचे किस्से आमच्याकडे गठ्ठ्याने यायचे. तुमची गोष्ट 'देवासारखे धावून आले' इथेच संपते, कारण देव पुढे काय करणार ते सगळ्यांना आधीच माहीत असतं. मला सांगा, चाचा आले कुठून? हातात काय होतं? नेमके कोणते शब्द बोलले? तुम्हाला सोडून मग कुठे गेले?

भांडुपकर:
आले असे नाहीत, तिथेच उभे होते. गटाराचं झाकण उघडं होतं, त्याच्या कडेला, हातात बांबू घेऊन. एका दुकानाच्या शटरपासून दुभाजकाच्या रेलिंगपर्यंत दोर बांधला होता, लोक तो धरून चालत होते. मी दोर सोडून सरळ निघालो. त्यांनी हात नाही, कॉलर धरली. 'अंधा है क्या? इधर से!' पुढे एक शिवी. मला दोरावर ढकललं आणि माझ्या मागच्यावर ओरडायला लागले. गेले कुठेच नाहीत. आवाज पार बसला होता त्यांचा.

लाल पेन:
मग हाच किस्सा लिहा ना! आवाज बसलाय म्हटल्यावर ते किती वेळ तिथे उभे असतील याचा अंदाज वाचणारा आपणच बांधतो, तुम्हाला 'तासन् तास' म्हणावं लागत नाही. शिवी आणि कॉलर पहिल्या मजकुरात का नव्हती? देवाला शोभत नाही म्हणून. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक मजकुरात नेमकं हेच गळलेलं असायचं. लेखकाला फोन करून विचारलं की मग निघायचं, रिक्षावाल्याने आधी भाडं नाकारलं होतं, बाई मदत करताना सारखी घड्याळ बघत होती. ते परत घातलं की माणूस दिसायला लागतो. आणि ९४४ चा आकडा सुरुवातीला नको. तो दुसऱ्या दिवशीचा आहे. पाण्यात उभे असताना तुम्हाला फक्त छाती माहीत होती.

चर्चगेट स्लो:
दाढी आणि 'चाचा'सुद्धा काढा. धर्म आला की प्रवचन आलंच.

कुर्लेकरीण:
काढू नका. मी तिथलीच आहे. ९२-९३ नंतर आमच्याकडे लोक कोणत्या गल्लीतून जायचं आणि कोणत्या टाळायची हे ठरवून चालायचे. त्याच रस्त्यावर दाढी दिसली असेल तर लिहा. फक्त तिच्यावर वाक्य पाडू नका.

लाल पेन:
यावर मी दोन्ही बाजूंनी भांडले आहे. दाढी राहू दे, 'ना हिंदू ना मुसलमान' जाऊ दे, इथवर माझी तयारी आहे. पण मग दोर बांधणाऱ्या बाकीच्यांचंही काहीतरी दिसायला हवं. चाचांची दाढी सांगायची आणि शटरवाल्याचं काहीच नाही, असं झालं तर तो आपोआप नमुना होतो.

चर्चगेट स्लो:
मला पटलेलं नाही. असो.

ठाणेवाली:
माझं छोटंसं आहे. सातवा महिना होता. संध्याकाळची कल्याण फास्ट, लेडीज डबा, दादरला कशीबशी आत शिरले. माझ्या आधी चढलेल्या एका बाईने खिडकीतल्या मुलीला 'कुठे?' विचारलं, ती म्हणाली घाटकोपर. म्हणजे सीट त्या बाईची. घाटकोपरला मुलगी उठली तेव्हा बाईने मागे न बघता माझा दंड धरला आणि मला बसवलं. स्वतः दोन सीटच्या मध्ये उभी राहिली, पर्समधून वालाच्या शेंगा काढून निवडत होती. मी ठाण्याला उतरले तेव्हा पुन्हा बसायला गेली, तोवर तिसरीच कोणीतरी बसली होती. त्यावरून जोरात भांडण सुरू झालं. मी उतरून गेले.

रात्रपाळी:
भांडणावर सोडलंत ते फार आवडलं.

लाल पेन:
मलाही. सांगून ठेवलेली सीट सोडणं काय असतं हे या गाडीने जाणाऱ्याला समजावावं लागत नाही. न जाणाऱ्यासाठी 'म्हणजे सीट त्या बाईची' एवढं पुरेसं आहे. मदतीची किंमत दिसली की मोठेपणा सांगावा लागत नाही.

माटुंग्याचे आजोबा:
मदत आम्हीही केली आहे, आभार कोणी मानत नाही. दादरच्या पुलावर टीसीने एका मुलाला धरलं. दंड अडीचशे अधिक भाडं. पोराकडे शंभर. मी वरचे भरले. पोरगा जिने उतरून पळाला, वळून बघितलं नाही. यावरही बोला.

रात्रपाळी:
काका, धागा मदत मिळालेल्यांचा आहे. :)

लाल पेन:
राहू द्या की. काका, एक विचारू? तुम्ही पैसे का भरलेत?

माटुंग्याचे आजोबा:
माझा पास टीसीच्या हातात होता. पोराचं प्रकरण मिटेपर्यंत तो देईना, आणि माझी गाडी लागलेली.

लाल पेन:
आणि त्या पोराने कुठे हा किस्सा लिहिला तर तुम्ही त्यात देवमाणूस असणार. मदत करणाऱ्याच्या मनात काय होतं ते मदत मिळालेल्याला बहुतेक वेळा कळत नाही. म्हणून 'निःस्वार्थपणे' वगैरे न लिहिलेलं बरं. ते आपण पाहिलेलं नसतं.

नवीन पनवेल:
पण माझी आजी असे किस्से सांगायची तेव्हा शेवटी 'देव तिचं भलं करो' म्हणायचीच. ते काय प्रवचन होतं? मला तर ते कोरडं लिहिण्यापेक्षा खरं वाटतं.

लाल पेन:
आजीचा तो आशीर्वाद त्या बाईला आहे, ऐकणाऱ्याला शिकवण नाही. तो चालेल. पण सांगताना आजीचा आवाज असतो, कागदावर तो नसतो, म्हणून आम्ही बहुतेकदा काढायचो. कधीकधी काढायला नको होता असंही वाटलंय.

भांडुपकर:
दुरुस्त करून रात्री टाकतो. शिवी अख्खी लिहू की फुल्या?

रात्रपाळी:
अख्खी. फार झाली तर मी बघते.

ठाणेवाली:
अजून एक. त्या बाईचा पाठमोरा फोटो आहे माझ्याकडे, तेव्हा नवऱ्याला पाठवायला काढला होता. जोडू का?

कुर्लेकरीण:
तिला विचारलं होतं का? नसेल तर नको. रोज त्याच गाडीने जात असेल ती, डब्यात सगळ्या ओळखतील.

ठाणेवाली:
बरं. नाही जोडत.