मदत हवी आहे: २५॥ गुण पण ग्रहमैत्री शून्य, २० गुण आणि ग्रहमैत्री पाच. कुठलं स्थळ पुढे न्यावं?

ओसरी
नमस्कार मंडळी. भाचीसाठी दोन स्थळं आली आहेत आणि दोन ज्योतिषी दोन टोकांना बसलेत. वाद घालायचा नाहीये, नुसतं समजून घ्यायचंय.

भाची तूळ रास, चित्रा तिसरं चरण. पहिला मुलगा सिंह रास, मघा नक्षत्र. पंचांगातल्या कोष्टकात बघितलं, २५॥ गुण. दुसरा वृषभ, रोहिणी. २० गुण, आणि वर षडाष्टक. ताई तर 'षडाष्टक' शब्द ऐकूनच पत्रिका परत पाठवायला निघाली होती.

आमच्या नेहमीच्या गुरुजींचं म्हणणं, पहिलं स्थळ करा, गुण भरपूर आहेत. मग मेहुण्यांनी त्यांच्या ओळखीतल्या एका बाईंना पत्रिका दाखवल्या. त्यांनी बेरीज बघितलीच नाही. 'स्वामी कोण?' एवढं विचारलं आणि म्हणाल्या, पहिल्यात ग्रहमैत्री शून्य आहे, दुसऱ्यात पाचपैकी पाच, मी असते तर दुसरं बघितलं असतं. छत्तीसपैकी पाच गुणांच्या गोष्टीला एवढं वजन का? की हे ज्याच्या त्याच्या आवडीवर असतं?

बिनपाण्याची_विहीर
काकू, आधी मंगळ बघितलात का? आमच्या मुलीच्या वेळी गुण ३० होते आणि मंगळ निघाला सप्तमात. सगळं मुसळ केरात.

ओसरी
मंगळ दोघांचाही बघून झालाय, तिथे काही नाही. प्रश्न फक्त ग्रहमैत्रीचा आहे. आणि मी काकू नाही हो, मावशी!

जुनी_पंचांगं
ओसरीताई, दोन्ही बेरजा एकदा सुट्या करून बघा, बरंचसं तिथेच कळेल.

पहिल्या मुलाचे २५॥ आले कुठून? नाडीचे ८, भकुटाचे ७, गणाचे ६. चित्रा आणि मघा दोन्ही राक्षसगणी, म्हणून गणाचे पूर्ण गुण. हे झाले २१. उरलेले साडेचार वर्ण, तारा आणि योनी यांचे. वश्य शून्य, ग्रहमैत्री शून्य.

दुसऱ्याचे २०: नाडी ८, ग्रहमैत्री ५, तारा ३, योनी २, वर्ण आणि वश्य एकेक. तिथे भकूट शून्य, कारण तुळेपासून वृषभ आठवी. गणही शून्य, मुलगी राक्षस, मुलगा मनुष्य.

म्हणजे दुसऱ्याने सोळा गुण गमावलेत, त्यातले तेरा या दोनच घरांत. आता परंपरेतला नियम बघा. राशींचे स्वामी एकच असतील किंवा एकमेकांचे मित्र असतील, तर भकुटाचा दोष धरत नाहीत. गणाच्या दोषालाही तीच सूट देतात. तूळ आणि वृषभ दोन्ही शुक्राच्या. म्हणून याला प्रीतिषडाष्टक म्हणतात. मेष-वृश्चिक तसंच, मिथुन-मकर तसंच. भ्यायचं ते मृत्युषडाष्टकाला, म्हणजे मेष-कन्या किंवा तूळ-मीन, जिथे स्वामींचं पटत नाही.

त्या बाई बेरीज का बघत नाहीत ते इथे आहे. ग्रहमैत्री चांगली असली तर ती दुसऱ्या दोन कूटांचे दोष झाकते. उलटं होत नाही. भकुटाचे सात मिळाले म्हणून स्वामींचं शत्रुत्व मिटलं, असं कोणी म्हणत नाही. मात्र दोष झाकला म्हणून गुण वाढत नसतात. २० चे ३३ झाले असं सांगणारे भेटतात, त्यांच्यापासून जपा.

नर्मदेतला_गोटा
थोडी भर घालतो. ग्रहमैत्री म्हणजे मनाचा मेळ. चंद्र मनाचा कारक, त्याच्या राशीचा मालक तो स्वभावाचा मालक. म्हणून कर्क राशीच्या मुली कुठेही खपतात, चंद्राला कोणी शत्रूच नाही. कर्क असली की ग्रहमैत्री मिळालीच म्हणून समजा.

जुनी_पंचांगं
गोटाभाऊ, पहिलं अर्धं बरोबर आहे. चंद्र कोणाला शत्रू मानत नाही, पण त्याला शत्रू मानणारे तीन आहेत: बुध, शुक्र आणि शनी. मैत्री दोन्ही बाजूंनी विचारायची असते. कर्क-वृषभ घ्या. चंद्र शुक्राला सम म्हणतो, शुक्र चंद्राला शत्रू म्हणतो, गुण मिळतो अर्धा. कर्क-मिथुन त्याहून मजेशीर. चंद्र बुधाला मित्र मानतो, बुध चंद्राला शत्रू. एक गुण. एकतर्फी प्रेमाला एवढीच किंमत.

तूळ-सिंह मात्र दोन्हीकडून बंद आहे. रवी शुक्राला शत्रू, शुक्र रवीला शत्रू, म्हणून शून्य.

नर्मदेतला_गोटा
हे माहीत नव्हतं. आमच्या आत्याबाई कर्केच्या, मामंजी वृषभेचे. अर्धा गुण जरा जास्तच दिला म्हणायचा.

खडीसाखर
आमचं मेष-वृश्चिक, हेच षडाष्टक. सासऱ्यांच्या गुरुजींनी 'स्वामी मंगळ आहे, चिंता नको' म्हणून पास केलं. २२ वर्षं झाली. भांडतो दोघंही मंगळासारखेच, पण रात्री जेवायला एकत्रच बसतो. एवढंच सांगेन, एकच स्वामी म्हणजे शांत संसार असं समजू नका. दोघांना राग एकाच वेळी येतो.

तिरकस_तिर्री
शुक्र-रवीच्या भांडणापायी मुलाला नकार? मुलगा काय करतो, स्वयंपाक येतो का, हे कुणी विचारलंच नाही. दोघांना कॉफीला पाठवा, दोन तासांत ग्रहमैत्री कळेल. (धाग्याचा काश्मीर व्हायच्या आत पळतो.)

ओसरी
तिर्रीभाऊ, कॉफी दोघांबरोबर झाली आहे. भाची म्हणते दोघंही बरे आहेत. म्हणून तर इथे आले!

कानामात्रा
मी स्वतः पत्रिका बघतो, हौसेने नाही, पोटासाठी. जुनी_पंचांगं यांचं गणित बरोबर आहे, निष्कर्ष मला पटत नाही. ग्रहमैत्री एवढी मोठी असती तर तिला पाच आणि नाडीला आठ का दिले? ज्यांनी कोष्टक केलं त्यांना वजन कळत नव्हतं का? दोष झाकण्याचे नियम इतके आहेत की शोधलं तर कुठलीही पत्रिका जुळवता येते. मी आधी नाडी बघतो, मग बेरीज १८ च्या वर आहे का ते, आणि मग ग्रहमैत्री. इथे दोन्ही स्थळं पहिल्या दोन पायऱ्या चढलेली आहेत.

आणि झाकायचंच तर पहिल्यालाही झाकता येतं. मघाचं कोणतं चरण?

ओसरी
तिसरं.

कानामात्रा
मग बघा. मघा तिसरं चरण म्हणजे चंद्र मिथुन नवांशात, स्वामी बुध. भाचीचं चित्रा तिसरं, तूळ नवांश, स्वामी शुक्र. बुध-शुक्र पक्के मित्र. राशिस्वामी शत्रू असले तरी नवांशस्वामी मित्र असतील तर ग्रहमैत्रीचा दोष सौम्य धरतात, हाही नियम त्याच परंपरेतला आहे. त्या बाईंनी नवांश काढला होता का?

जुनी_पंचांगं
हे मान्य. नवांश बघायचं माझ्याकडून राहिलं. पण सौम्य झाला म्हणजे पाच झाले नाहीत, शून्याचं भय गेलं इतकंच. आणि पाच-आठचं म्हणाल, तर वर्णाला एक, वश्याला दोन, ताऱ्याला तीन असे गुण क्रमाने चढत गेलेत, म्हणून बेरीज ३६ होते. त्या क्रमातही ग्रहमैत्री गण, भकूट आणि नाडीच्या खालीच आहे, हे तुमचं खरं. माझा मुद्दा एवढाच की वरच्या तिघांतल्या दोघांचे दोष तिच्या शब्दावर सुटतात.

ओसरीताई, मला आता वेगळीच शंका येते आहे. भाचीच्या चंद्राचे अंश किती? चित्रा दोन राशींत वाटलेली आहे. पहिली दोन चरणं कन्येत, पुढची दोन तुळेत.

ओसरी
पत्रिकेत तूळ ० अंश ४० कला लिहिलंय. जन्मवेळ पहाटे ४.१०.

जुनी_पंचांगं
तिथेच अडलं. चंद्र तासाला साधारण अर्धा अंश सरकतो, कधी थोडा जास्त. ४० कला म्हणजे सव्वा तास. वेळ ४.१० ऐवजी पावणेतीन असेल, तर चंद्र कन्येत, स्वामी बुध, आणि सगळा डावच बदलतो.

सिंहेचं मग कन्येशी बघायचं. बुध रवीला मित्र मानतो, रवी बुधाला सम, म्हणजे ग्रहमैत्री ४. पण राशी शेजारच्या, द्विर्द्वादश, भकुटाचे सात गेले. बेरीज २२॥. वृषभेशी षडाष्टक जाऊन नवपंचम येतं, बुध-शुक्र मित्र म्हणून ग्रहमैत्री पाचच, बेरीज २०च. म्हणजे ज्या शून्यावरून एवढं चाललंय ते शून्यच राहत नाही.

४.१० ही वेळ कुठून आली? आणि पत्रिका कुठल्या पंचांगावर केली आहे? टिळक पंचांगाचं अयनांश चित्रापक्षापेक्षा सुमारे चार अंशांनी वेगळं आहे. घरात एक पत्रिका एकाची आणि दुसरी दुसऱ्याची असली की असे घोळ होतात.

ओसरी
पत्रिका तिन्ही दाते पंचांगावरूनच केल्यात, ते विचारून घेतलं. वेळेचं मात्र ऐकाच. ताई म्हणते ४.१०, कारण दवाखान्यातल्या कार्डावर तसं लिहिलंय. आई, म्हणजे भाचीची आजी, तेव्हा बाहेर बाकावर बसलेली होती. ती म्हणते की मुलगी झाली तेव्हा तीनसुद्धा वाजले नव्हते, नर्सबाईंनी कार्ड सकाळी ड्यूटी संपताना भरलं. मी म्हटलं, घड्याळ बघितलं होतंस का? म्हणे, घड्याळ कशाला, पाणी यायचं होतं अजून, आमच्याकडे नळ साडेतीनला यायचा.

कानामात्रा
आजींचा नळ मी कार्डापेक्षा जास्त मानतो. पण एवढ्यावर रास बदलू नका. लग्नरास साधारण दोन तासांनी बदलते, तेव्हा पावणेतीन आणि ४.१० या दोन्ही वेळांची लग्नं काढा, वेगळी येतात का बघा. आली तर तिच्या आयुष्यातल्या दोन-तीन ठळक घटनांच्या तारखा घेऊन दोन्ही पत्रिकांवर ताडून पाहता येतील. तोवर ग्रहमैत्रीवरून कुठल्याच मुलाला नाही म्हणू नका.

जुनी_पंचांगं
इथे आमचं एकमत. तारखा टाका, मीही बघतो.

ओसरी
दहावीच्या वर्षी हात मोडला होता आणि नोकरी लागली ती तारीख आहे. ताईकडून नक्की करून रविवारी लिहिते. गुरुजींना हे नळाचं कसं सांगायचं तेवढं कुणीतरी सुचवा.

बिनपाण्याची_विहीर
माझ्या धाकट्याची पण चित्राच आहे, चरण दुसरं, चंद्र कन्या २९ अंश. त्याचं पण असंच होईल का? वेळ मी स्वतः लिहून ठेवली होती, पण माझं घड्याळ दहा मिनिटं पुढे असायचं.